उशिरा आलेल्या माफीचे उत्तर

मित्राने किंवा मैत्रिणीने बऱ्याच वर्षांनी माफी मागितली, की तिच्या उत्तरावर दोन कामांची जबाबदारी येते. माफी स्वीकारली आहे हे समोरच्याला निःशंकपणे कळायला हवे, आणि यापुढे काय बदलायला हवे हेही तितकेच स्पष्ट कळायला हवे. पहिले काम राहिले तर उत्तर वकिलाच्या नोटिशीसारखे वाचले जाते. दुसरे राहिले तर मैत्री जिथे अडखळली होती तिथेच पुन्हा अडखळते. बहुतेक उत्तरे फसतात ती ही दोन कामे एकाच वाक्यात कोंबल्यामुळे, किंवा दुसरे काम भिडेपोटी टाळल्यामुळे.

हातउसन्या पैशांवरून बिनसलेल्या मैत्रीचे उदाहरण यासाठी सोयीचे आहे, कारण त्यात आकडा आणि तारीख असते, पण दुखावते ते बहुधा आकड्यापलीकडचे काहीतरी. समजा, साताऱ्यात शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने चार वर्षांपूर्वी कॉलेजच्या मैत्रिणीला चाळीस हजार रुपये दिले. मैत्रीण पुण्यात घरून साड्या विकते. दिवाळीपर्यंत परत करते, असे ठरले होते. दहा हजार आले आणि पुढे काहीच आले नाही. मग फोन उचलणे बंद झाले. दरम्यान शिक्षिकेची आई वारली, तेव्हाही मैत्रीण आली नाही, तिचा फोनही आला नाही. आता एका रात्री तिचा मेसेज येतो:

“खूप दिवसांपासून लिहायचं होतं. तुझे पैसे अडकले, मी फोन टाळत राहिले. धंदा बसला होता, तोंड दाखवायची लाज वाटायची. काकू गेल्याचं कळलं, तेव्हाही यायचं धाडस झालं नाही. मी चुकले गं. शक्य असेल तर माफ कर.”

उत्तर लिहिण्याआधी हा मेसेज नीट वाचायला हवा, कारण उत्तरात काय मागायचे ते माफीत काय राहून गेले यावरून ठरते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माफीचे सहा घटक मांडले आहेत: खेद व्यक्त करणे, काय झाले ते समजावणे, चूक आपली होती हे कबूल करणे, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय सांगणे, झालेले नुकसान भरून देण्याची तयारी दाखवणे आणि क्षमा मागणे. लोकांच्या दृष्टीने यात सर्वांत वजनदार ठरली ती जबाबदारीची कबुली; तिच्या खालोखाल नुकसानभरपाईची तयारी. ‘मला माफ कर’ ही विनंती सर्वांत कमी महत्त्वाची ठरली.

या मोजपट्टीवर वरचा मेसेज अर्धा भरतो. खेद आहे, कारण आहे, क्षमायाचनाही आहे. ‘मी फोन टाळत राहिले’ आणि ‘मी चुकले’ यांत जबाबदारी सरळ घेतलेली आहे. ‘तुझे पैसे अडकले’ या वाक्यात मात्र ती निसटते, जणू पैसे आपणहून कुठे जाऊन अडकले. उरलेल्या तीस हजारांचे काय आणि पुढे अडचण आली तर पुन्हा फोन बंद होणार का, याबद्दल एक अक्षरही नाही. म्हणजे भरपाई आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चय हे दोन घटक गैरहजर आहेत. शिक्षिकेच्या उत्तराला नेमक्या याच दोन जागा भरायच्या आहेत. जे माफीत आधीच आले आहे ते पुन्हा वसूल करण्याची गरज नाही.

उशिराचाही विचार करावा लागतो. सिंथिया फ्रँट्झ आणि कोर्टनी बेनिग्सन यांच्या २००५ सालच्या संशोधनात घाईने मागितलेल्या माफीपेक्षा काहीशी उशिराने मागितलेली माफी अधिक समाधान देणारी आढळली. त्याचे कारण असे दिसले, की मधल्या काळात दुखावलेल्या माणसाला आपले म्हणणे मांडता येते आणि ते समोरच्याला कळले, असे वाटते. चार वर्षांच्या मौनाला हे लागू करता येत नाही, कारण इतके लांबलेले मौन हीच एक वेगळी दुखापत होऊन बसते. पण त्यातला धागा उपयोगाचा आहे. उशीर किती झाला यापेक्षा काय लागले ते समोरच्याला उमगले का, हे माफीचा कस ठरवते. या मेसेजमध्ये काकूंचा उल्लेख कोणी न विचारता आला आहे. संपूर्ण मेसेजमधली ती सर्वांत मोलाची ओळ आहे, आणि उत्तराची सुरुवात तिथून करता येते.

लिहिणाऱ्याने स्वतःशीही एक गोष्ट स्पष्ट करून घ्यायची असते: माफ केले म्हणजे नक्की काय केले? क्षमेचा दीर्घकाळ अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन दोन प्रकार वेगळे काढतात. एक निर्णयाची क्षमा, म्हणजे यापुढे सूड किंवा डूख न धरता वागायचे असे ठरवणे. दुसरी भावनेची क्षमा, म्हणजे मनातला राग आणि कडवटपणा खरोखर विरणे. पहिली एका संध्याकाळी होऊ शकते. दुसरीला तिचा तिचा वेळ लागतो. उत्तरात वचन द्यायचे ते पहिलीचे. ‘मी सगळं विसरले’ असे लिहिले, तर पुढच्या भेटीत मन खट्टू झाले की लिहिणारी स्वतःच्याच नजरेत खोटी ठरते. ‘माफ केलं, हा विषय पुन्हा काढणार नाही’ हे वाक्य मात्र पाळता येते, कारण ते वागण्याबद्दल आहे.

मागणी टाळून निव्वळ माफी देण्याचा मोह मोठा असतो. मराठी घरांत संक्रांतीला तिळगूळ देऊन अबोला संपवण्याची रीत आहे, आणि किरकोळ कुरबुरींसाठी ती पुरेशी असते. जिथे देणे थकले आहे किंवा एकच वागणूक पुन्हा घडण्याची शक्यता आहे, तिथे ती अपुरी पडते. लॉरा लूचीज आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दिसले, की समोरच्याने आपल्या वागण्यातून सुरक्षितता आणि मान मिळेल असा भरवसा दिला असेल, तर माफ करणाऱ्याचा स्वतःविषयीचा आदर वाढतो. तसा भरवसा नसताना माफ करत गेल्यास तोच आदर झिजतो. भीड ही भिकेची बहीण, असे मराठीत म्हणतात. इथे भीड पैशांच्या जोडीला स्वाभिमानही घेऊन जाते.

आता प्रत्यक्ष उत्तर. मेसेज रात्री आला असेल आणि वाचल्याची खूण पलीकडे दिसली असेल, तर आठवडाभर गप्प राहणे बरे नाही. माफी मागणारी व्यक्ती त्या काळात सर्वांत असुरक्षित असते. त्याच रात्री मोठे उत्तर लिहिणेही शहाणपणाचे नाही. ‘मिळालं, वाचलं. रविवारी नीट लिहिते’ एवढी ओळ दोन्ही अडचणी सोडवते. रविवारी शिक्षिकेने लिहिलेले उत्तर असे असू शकते:

“तुझा मेसेज पुन्हा वाचला. चार वर्षांनी हे लिहिणं सोपं नव्हतं, ते कळतंय मला. आईच्या वेळी आली नाहीस हे तू स्वतःहून लिहिलंस, त्यानं बरं वाटलं. तुझ्या ते ध्यानातही नसेल असं मी धरून चालले होते.

माफ केलं. मनापासून.

एक सांगते, म्हणजे मनात राहणार नाही. पैसे थकले त्याचं तितकं लागलं नाही. फोन वाजत राहायचा आणि तू उचलायची नाहीस, ते लागलं. आई गेली तेव्हा तुझी वाट पाहिली होती. हे आज सांगितलं, पुन्हा काढणार नाही.

आता पुढचं. तीस हजार राहिलेत. एकदम नकोत. येत्या एक तारखेपासून दर महिन्याला तीन हजार पाठव, दहा महिन्यांत फिटतील. तीन जमत नसतील तर जमेल तो आकडा तू सांग, फक्त तारीख ठरलेली असू दे. एखाद्या महिन्यात जमणार नसेल तर एक तारखेच्या आधी मला दोन ओळी टाक. मी का म्हणून विचारणार नाही. गप्प मात्र बसू नकोस. आणि यापुढे आपल्यात उसनवारी नको, तुझ्याकडूनही नाही आणि माझ्याकडूनही नाही.

मी दर महिन्याला आठवण करणार नाही. आपल्या ग्रुपवर यातलं काही बोलणार नाही, आजवर बोललेही नाही.

पुढच्या महिन्यात एका लग्नाला पुण्यात येते आहे. शनिवारी संध्याकाळी मोकळी आहे, तुझ्याकडे येऊ का? साड्याही बघेन. घेतली तर पैसे देऊन घेईन.”

या उत्तराची रचना पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला मेसेजमधली एक नेमकी गोष्ट उचलली आहे. ‘तुझा मेसेज वाचून आनंद झाला’ हे वाक्य कोणत्याही मेसेजला चालले असते. आईचा उल्लेख याच मेसेजला चालतो. त्यातून मैत्रिणीला कळते, की तिने जे सर्वांत अवघड होते ते लिहिले आणि ते पोचले.

त्यानंतर स्वीकार येतो, तो तीन शब्दांत आणि स्वतंत्र ओळीत. ‘माफ केलं, पण पैसे दे’ असे लिहिले असते तर वाचणारीच्या मनात ‘पण’च्या आधीचे सगळे पुसले गेले असते. ‘पैसे दिलेस तर माफ’ असे लिहिले असते तर माफीला भाव लागला असता, आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत मैत्रिणीला आपण आरोपी आहोत असेच वाटत राहिले असते. स्वीकार बिनशर्त आहे. अटी आहेत त्या पुढच्या व्यवहाराला.

दुखावल्याचे वर्णन मोजके ठेवले आहे. ते गाळले असते तर मैत्रिणीचा समज झाला असता, की प्रश्न फक्त पैशांचा होता; मग पैसे फेडून ती मोकळी झाली असती आणि पुढच्या अडचणीत पुन्हा गायब झाली असती. ते लांबवले असते तर उत्तर आरोपपत्र बनले असते. इथे प्रत्येक वाक्य घडलेल्या गोष्टीबद्दल किंवा स्वतःला काय वाटले याबद्दल आहे. ‘तू स्वार्थी निघालीस’, ‘तुला माणसांची किंमत नाही’ अशी स्वभावावरची शेरेबाजी नाही. ‘फोन उचलायची नाहीस’ हे नाकारता येत नाही. ‘स्वार्थी’ या शब्दावर मात्र आणखी चार वर्षे वाद घालता येतो.

बदलाच्या मागण्या तीनच आहेत, आणि प्रत्येक पाळली गेली की नाही हे कुणालाही सांगता येईल. हप्ता आला की दिसतो. तारखेआधीचा निरोप आला की दिसतो. नवी उसनवारी झाली की कळते. ‘यापुढे जबाबदारीने वाग’ किंवा ‘विश्वास तोडू नकोस’ अशा मागण्या ऐकायला भारदस्त असतात, पण त्या पाळल्या की मोडल्या हे ठरवणार कोण आणि कसे? त्यातून दर महिन्याला नवा संशय जन्मतो. मागणी लिहून झाली की एक परीक्षा घ्यावी: तिसऱ्या माणसाला दोन महिन्यांनी विचारले तर तो हो किंवा नाही असे उत्तर देऊ शकेल का? देता येत नसेल तर मागणी अजून धूसर आहे.

तीन मागण्यांत दुसरी सर्वांत महत्त्वाची आहे. मूळ नुकसान पैशांनी झाले नव्हते. धंदा कुणाचाही बसतो. लाजेपोटी धरलेल्या मौनाने झाले होते, आणि तीच सवय पुन्हा उफाळू शकते. म्हणून ‘एखाद्या महिन्यात जमणार नसेल तर आधी दोन ओळी टाक’ असे जोडवाक्य आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा ‘अमुक झाले तर तमुक करीन’ या बांधणीच्या संकल्पांचा अभ्यास केला आहे. नुसत्या इराद्यापेक्षा ते अधिक वेळा अमलात येतात, कारण कोणत्या क्षणी काय करायचे ते आधीच ठरलेले असते. ‘का म्हणून विचारणार नाही’ हे त्याला जोडलेले आश्वासन लाजेची धार कमी करते. पैसे नसल्याचे कळवणे हे पैसे देण्याइतकेच चोख वागणे आहे, असा त्याचा अर्थ होतो.

लिहिणारीने स्वतःवरही बंधने घेतली आहेत. ती आठवण करणार नाही, चारचौघींत बोलणार नाही, जुने उकरणार नाही. ही बाजू नसेल तर उत्तर एकतर्फी फर्मान वाटते. शेवटच्या आमंत्रणाने ऊब येते. ‘भेटू कधीतरी’ने ती आली नसती, कारण ‘कधीतरी’ म्हणजे बहुधा कधीच नाही. वार आणि वेळ सांगितली की माफी कागदावरून घरात येते. साडी पैसे देऊन घेण्याचे वाक्य हलके आहे, पण त्यात एक नेमकी काळजी आहे. साडीची किंमत हप्त्यातून वळती करण्याचा गोंधळ सुरू झाला, तर हिशेब पुन्हा धूसर होतो.

पैशांच्या बाबतीत कायद्याची एक बाजू माहीत असलेली बरी. उसने दिलेले पैसे न्यायालयातून वसूल करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार साधारणपणे तीन वर्षांची असते. ती उलटली की पैसे मिळण्याचा मार्ग देणाऱ्याच्या इच्छेवरच उरतो. मात्र मुदत उलटलेले देणेही फेडण्याचे लेखी वचन देणेकऱ्याने सहीनिशी दिले, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २५(३) नुसार तो वैध करार ठरतो. तीस हजारांसाठी दोन मैत्रिणींनी हे करावे असे नाही. रक्कम मोठी असेल, त्यावर घरचे कुणी अवलंबून असेल, तर असा साधा कागद वेगळा करावा. माफीच्या उत्तरात त्याची भाषा मिसळू नये. दोन्ही मजकूर एकमेकांना बिघडवतात.

चुकीच्या उत्तरांचे काही नमुने ठरलेले असतात. सर्वांत जास्त आढळणारे उत्तर म्हणजे ‘जाऊ दे गं, काही नाही, विसर आता’. ते प्रेमळ वाटते, पण ज्या माणसाने धाडस करून चूक कबूल केली त्याला ते सांगते, की कबूल करण्यासारखे काही नव्हतेच. शिवाय मागणीचा रस्ता बंद होतो: ‘काही नाही’ म्हटल्यावर महिन्याभराने तीस हजारांचा विषय कोणत्या तोंडाने काढणार? दुसरा नमुना टोमण्याचा: ‘चार वर्षांनी आठवण झाली, नवलच!’ समोरासमोर हसत म्हटले तर हे कदाचित खपेलही. लिहिलेल्या मजकुरात चेहरा आणि आवाज नसतो. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी सहकाऱ्यांसह २००५ मध्ये ईमेलवर केलेल्या प्रयोगांत लिहिणाऱ्यांची खात्री होती, की आपला उपरोध वाचणाऱ्याला सहज कळेल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना तो ओळखणे बरेच अवघड गेले. त्यामुळे माफीच्या उत्तरात थट्टा करायचीच, तर ती स्वतःवर करावी. तिसरा नमुना थकबाकीचा: पैशांच्या निमित्ताने कॉलेजच्या सहलीपासूनचे सगळे जुने हिशेब काढणे. ज्या गोष्टींची माफी मागितली आहे, उत्तर तेवढ्याच गोष्टींचे असावे.

उत्तर लागू पडले का, हे पहिल्या प्रतिसादावरून थोडे कळते आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत बरेच कळते. मैत्रिणीने आकडा किंवा तारीख उचलून उत्तर दिले, उदाहरणार्थ ‘तीन जड जातील, दोन हजार चालतील का, पाच तारखेला?’ असे विचारले, तर ते उत्तम लक्षण आहे. तिने मागणी ऐकली आणि तिच्याशी प्रामाणिकपणे झुंजली. नुसते लाल बदामांचे आणि हात जोडल्याचे इमोजी आले, तर ऊब पोचली आहे, मागणी पोचली की नाही ते सांगता येत नाही. तेव्हा ‘मग एक तारीख धरू ना?’ असे एकदा विचारणे योग्य. ‘म्हणजे तुला पैशांचंच पडलंय’ असे उत्तर आले, तर माफी मागणाऱ्याला परिणामांशिवाय सुटका हवी होती असे दिसते. त्यावर वाद न घालता मागणी त्याच शब्दांत, त्याच सुरात एकदा पुन्हा सांगावी.

हप्ता आला की ‘मिळाले’ एवढे पुरते. ‘आले एकदाचे’ म्हणू नये. निरोप देऊन हप्ता चुकला तर ठरल्याप्रमाणे काही विचारू नये, कारण ते वचन लिहिणारीचे आहे. निरोप न देता चुकला तर काही दिवस थांबून एकदाच, सरळ विचारावे. दुसऱ्यांदाही मौनच मिळाले, तर निर्णय शिक्षिकेचा असतो: उरलेली रक्कम सोडून द्यायची, मैत्री पुढे कितपत ठेवायची, की दोन्ही. दिलेली माफी त्यामुळे परत घ्यावी लागत नाही. माफी जुन्या चुकीची होती आणि ती एका रविवारी पूर्ण झाली. विश्वास पुढच्या वागण्यावर उभा राहतो आणि महिन्यामहिन्याने जमतो. तो जमला नाही तर राग न धरताही अंतर ठेवता येते.

ही पद्धत दोघी बरोबरीच्या असतात आणि उत्तर देणारी सुरक्षित असते, तिथेच चालते. ज्याच्याकडून मारहाण, धमकी किंवा सततची फसवणूक झाली, त्याच्या माफीला ऊबदार उत्तर देण्याचे बंधन कुणावर नाही. तिथे उत्तर न देणे किंवा जाणत्या माणसाच्या सल्ल्याने देणे बरे. ज्याची माफी केवळ नवी गरज पुढे करण्यासाठी आली आहे, म्हणजे माफीपाठोपाठ आणखी पैशांची मागणी आली आहे, त्यालाही आधी नव्या मागणीचा नकार कळवावा आणि जुन्या माफीचा विचार नंतर स्वतंत्रपणे करावा.